जादा पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला मेसेज लिहिताना

सांगलीत ठिबकच्या दुकानात बिलिंगला नव्याने लागणाऱ्यांपुढे हा प्रसंग लवकरच येतो. समजा, तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराचं बिल १८,६४० रुपयांचं आहे. त्यांनी १,८६० रुपयांचे पाइप परत केले आणि त्याची क्रेडिट नोटही झाली. म्हणजे देणं उरलं १६,७८०. तरी त्यांनी यूपीआयवरून पूर्ण १८,६४० पाठवले. अशा वेळी घाईत लिहिला जाणारा मेसेज साधारण असा असतो:

"सर, आपल्याकडून जास्त पेमेंट झाले आहे. सदर रक्कम आपल्या खात्यात जमा करण्यात येईल. खाते क्रमांक पाठवावा."

यातला खरा घोटाळा 'खात्यात जमा' या शब्दांत आहे. आपल्या मनात असतं दुकानातलं खातं, पण वाचणाऱ्याला वाटतं बँकेतलं. मग ते आठवडाभर पासबुक बघत बसतात आणि शेवटी फोनवर वाद होतो. दुसरं म्हणजे, 'चुकून पैसे आलेत' असं सांगून फसवणारे बरेच असल्याने खाते क्रमांक मागितला की माणूस बिचकतो. त्याची गरजही नसते. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर परत करायचे. पैसे मुलाच्या मोबाईलवरून आले असतील, तर परतही तिकडेच जातील.

लिहिण्याआधी उतारा काढून मागची बाकी बघा. जुनी ८०० रुपयांची उधारी निघाली, तर जादा रक्कम १,०६० च राहते, आणि एकदा कळवलेला आकडा कमी करणं फार अवघड जातं. मागचं काहीच येणं नसेल, तर मेसेज असा लिहा:

"नमस्कार दादा. १२ जूनच्या बिलाचे १८,६४० रुपये मिळाले. तुम्ही परत केलेल्या पाइपचे १,८६० त्यातून वजा व्हायचे होते, ते आम्ही आधी कळवायला हवं होतं. हे १,८६० रुपये, ज्या खात्यातून आले तिथेच दोन दिवसांत परत पाठवू का? की पुढच्या बिलातून वजा करू? फक्त 'परत' किंवा 'वजा' एवढं कळवा. ओटीपी, पिन काही लागत नाही. शंका असेल तर बिलावरच्या नंबरवर फोन करा."

'परत' आधी लिहिलंय ते मुद्दाम. जूनमध्ये पैसे भरणारा बागायतदार मोठ्या खरेदीला कदाचित ऑक्टोबर छाटणीलाच येईल. तोवर त्याचे पैसे आपल्याकडे अडकवून ठेवणं बरोबर नाही. उत्तर आलं नाही, तर चार दिवसांनी फोन करा. गप्प राहिले म्हणून परस्पर वजावट धरू नका.

'वजा' म्हणाले, तर पुढचं बिल पूर्ण रकमेचंच करा. ९,५०० चं बिल ९,५०० चंच राहतं, जीएसटीही पूर्ण मालावर लागतो. खाली 'मागील जमा १,८६०, देय ७,६४०' अशी ओळ टाका. नवखी मुलं इथे रक्कम डिस्काउंट म्हणून टाकतात. मग मालाची किंमत आणि कर दोन्ही कमी लागतात, आणि खात्यावर १,८६० तसेच जमा दिसत राहतात.