इंटर्नशिपमध्ये दोन दिवसांची रजा मागताय? या चुका टाळा

सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंटर्न मुलं माझ्या हाताखाली असतात. घरच्या कार्यासाठी रजा मागितली म्हणून मी कुणाला अडवलेलं नाही. पण बरेच अर्ज मला परत द्यावे लागतात, आणि कारण जवळजवळ नेहमी तारखांचंच असतं.

मागच्या हंगामात एका मुलीनं लिहिलं होतं, "बहिणीच्या साखरपुड्यासाठी गुरुवारपासून दोन दिवस रजा हवी." कुठला गुरुवार? आणि परत कधी येणार? आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, रविवारी काम चालू असतं. तिच्या डोक्यात कॉलेजचा रविवार, त्यामुळे ती सोमवारी उगवणार होती. म्हणजे दोन दिवसांच्या रजेत तिसरा कामाचा दिवस न मागताच बुडणार होता. म्हणून रजेच्या दोन्ही तारखा वारासकट लिहा आणि हजर होण्याची तारीख वेगळ्या वाक्यात द्या. मधली सुट्टी रजेत धरतात का, हे एचआरला आधीच विचारून घ्या. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा असतो.

दुसरी चूक कामाबद्दलची. ती मुलगी रोज रिजेक्शनची शीट भरायची. ती दोन दिवस कोण भरणार, याचा अर्जात उल्लेखच नव्हता. सुपरवायझरला खरी काळजी याचीच असते. आधी सोबत्याशी बोला, तो हो म्हणाला की मगच त्याचं नाव लिहा. न विचारता नाव टाकलं, तर त्या दिवशी शीट कोरी राहते.

कारण एका ओळीत पुरे. नुसतं "घरगुती कारण" लिहिलं की मला पुन्हा विचारावं लागतं, आणि पाहुण्यांची यादी कुणालाच नको असते. तिचा अर्ज आम्ही दोघांनी बसून असा केला:

"विषय : १० व ११ डिसेंबर रोजी रजा मिळणेबाबत.
महोदय, माझ्या बहिणीचा साखरपुडा शुक्रवार, ११ डिसेंबर रोजी सटाणा येथे आहे. तयारीसाठी आदल्या दिवशी जावे लागणार असल्याने गुरुवार, १० व शुक्रवार, ११ डिसेंबर अशी दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर रविवार, १३ डिसेंबर रोजी मी कामावर हजर होईन. या दोन दिवसांची रिजेक्शन शीट माझा सहकारी इंटर्न भरणार असून त्याला काम समजावून दिले आहे."

खाली नाव, विभाग, मोबाईल नंबर आणि सही.

साखरपुड्याची तारीख महिनाभर आधी ठरते. मग आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर "सर, उद्या येत नाही" कशासाठी? निदान आठवडाभर आधी अर्ज द्या आणि मंजुरी लेखी घ्या. कॉलेजच्या गाइडलाही त्याची प्रत पाठवा. लॉगबुकात त्या दोन तारखांपुढे "रजा" असंच लिहा. हजेरी दाखवलीत आणि आमच्या गेटच्या नोंदीशी ती जुळली नाही, तर त्या लॉगबुकावर मी सही करत नाही.