काखमांजरी पुन्हा पुन्हा होते? या चुका टाळा

गळू फुटलं, पू गेला, की विषय संपला असं आपण धरून चालतो. महिन्याभरात दुसरं आलं की दोष आंब्याला नाहीतर अंड्याला. पण मूळ केसाच्या छिद्रात असतं. घाम, घट्ट कपड्यांचं घासणं किंवा रेझरचा ओरखडा यांमुळे छिद्र बंद होतं, खरचटतं आणि स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू आत शिरून पू करतात.

भांडुपच्या एका रिक्षावाल्याचं उदाहरण घ्या. वय चाळिशीतलं, दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसणं. चार महिन्यांत मांडीला तिसरं गळू. दर वेळी केमिस्टकडून गोळ्या आणायच्या आणि ठणका थांबला की दोन दिवसांत बंद करायच्या. वरून गजकर्णाचं मलम. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, पण जिवाणूंशी लढण्याची त्वचेची ताकदही कमी होते. शेवटी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, त्यात कोणते जिवाणू आहेत ते बघायला तो कल्चरला पाठवला आणि रक्त तपासलं. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ९.२ टक्के निघालं. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, म्हणून एक बरं होईतो दुसरं डोकं काढतं. वारंवार गळू येत असेल तर ही तपासणी टाळणं, माझ्या मते, सगळ्यात महागात पडणारी चूक.

दुसरी चूक म्हणजे गळू कुठे येतं याकडे लक्ष न देणं. दर वेळी नवीन जागी येत असेल, घरात आणखी कोणाला होत असेल, तर जिवाणूंचा मुक्काम बहुधा नाकात असतो. अशा वेळी डॉक्टर नाकात लावायला म्युपिरोसिन मलम देतात, साधारण पाच दिवस, दिवसातून दोनदा. टॉवेल आणि रेझर वेगळे नसतील, तर ही मेहनत वाया जाते. उलट काखेत किंवा जांघेत त्याच त्याच जागी गाठी येत असतील, जोडीने काळे ठिपके आणि दोरीसारखे व्रण दिसत असतील, तर तो हिड्राडेनायटिस नावाचा त्वचेचा जुनाट आजार असू शकतो. यात आधी छिद्र बंद होतं, जिवाणू नंतर येतात, त्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने तो मुळापासून जात नाही. त्वचारोगतज्ज्ञच गाठा.

आणि पिळू नका. पिळल्याने पू आत ढकलला जातो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. ताप आला, लाली पसरू लागली, किंवा मधुमेह्याच्या जांघेत असह्य ठणका लागून कातडी काळवंडली, तर शेक थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.