एका फोटोतल्या अनेक पावत्या: आधी कापा, मग वाचा

तीन पावत्या शेजारी ठेवून काढलेला फोटो तसाच ओसीआरला, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामला दिला, तर ओळी आडव्या वाचल्या जाण्याचा धोका असतो. मग "एकूण 240 एकूण 515" अशी जोडओळ येते आणि पहिल्या पावतीला दुसरीची रक्कम चिकटते. एकाच ओळीत दोन तारखा किंवा दोन बेरजा दिसल्या, की हेच झालंय असं समजा.

म्हणून मजकूर वाचण्याआधीच फोटो कापावा. पावत्या गडद, एकरंगी पृष्ठभागावर बोटभर अंतर सोडून ठेवल्या, तर प्रत्येक कागदाची कड प्रोग्रामला वेगळी सापडते. कडा एकमेकींना टेकल्या, तर दोन पावत्यांचा एकच तुकडा निघतो. कापलेला तुकडा बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट रुंद असेल, तर तो हाताने पुन्हा कापा. पावत्या वेगवेगळ्या कोनांत कललेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सरळ करा. अख्खा फोटो फिरवून ते साधत नाही. मग टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामने एकेक तुकडा वाचा:

```
tesseract p2.png p2 -l mar+eng --psm 4
```

इथे mar+eng म्हणजे मराठी आणि इंग्रजी मजकूर, आणि 4 म्हणजे मजकूर एकाच स्तंभात आहे असं धरणं.

शेवटी प्रत्येक नोंदीत वस्तूंची बेरीज अधिक कर, वजा सूट, हे एकूण रकमेशी ताडून पाहा. 180 आणि 48 च्या वस्तू, 12 कर, म्हणजे 240 यायला हवेत. 515 दिसले, तर ती रक्कम शेजारच्या पावतीची आहे का ते आधी बघा. "रोख दिले" किंवा "परत" यापुढचा आकडाही चुकून एकूण म्हणून उचलला जातो.