राजवाड्यासमोर आजी, दुसऱ्या प्रयत्नात

गुडघ्यांमुळे आजीला गर्दीत नेता येईना, म्हणून इंदूरच्या राजवाड्याचा फोटो वेगळा टिपला आणि आजीचा आमच्या गच्चीवर. दोन्ही फोटो जोडल्यावर आजी तरंगायलाच लागली! राजवाडा बसून, खालून घेतलेला, आजी उभ्यानं, सावल्याही उलट.

मग सकाळी 9 ला राजवाड्यासमोर पुतण्याला आजीच्या जागी उभं केलं. कॅमेरा त्याच्यापासून 4 मीटरवर, 1.2 मीटर उंच, लेन्स 35 मिमीवर. एक फोटो त्याच्यासकट, एक रिकामा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गच्चीवर तीच मापं, व्हाइट बॅलन्सही तोच. काठी उभी करून कॅमेरा तिच्याभोवती फिरवला, सावली पुतण्याच्या सावलीसारखी पडेपर्यंत. पांढऱ्या फरशीचा उजेड हनुवटीखाली चढत होता, तिथे करडी सतरंजी अंथरली. फोटो जोडताना पुतण्याच्या पावलांच्या जागी आजीची पावलं बसवली. यावेळी ती जमिनीवर टेकली.