ओव्हर पिन मापन: पिन कोणती घ्यायची आणि आकडा कसा काढायचा

गिअर तपासणीच्या कामाला लागलेल्या नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यातच पडणारा प्रश्न म्हणजे "पिन कोणती घेऊ?" उत्तर बहुतेकदा असं मिळतं: मॉड्यूलला 1.728 ने गुणा, तेवढ्या व्यासाची पिन घ्या. उत्तर चुकीचं नाही. पण कपाटात नेमकी त्या मापाची पिन नसते, आणि मग माणूस अडून बसतो. माझ्या अनुभवात पिनचा व्यास निवडताना बरीच मोकळीक असते. निवडलेल्या पिनचा खरा व्यास किती, हे ठरवताना मात्र अजिबात नसते. नवीन लोक नेमकं उलटं करतात: निवडीवर डोकं खातात आणि पिनवर छापलेल्या मापावर डोळे झाकून विश्वास ठेवतात.

एक साधा बाह्य स्पर गिअर घेऊ. मॉड्यूल 3, दाते 25, प्रेशर अँगल 20 अंश, करेक्शन नाही. पिच व्यास 75, टिप व्यास 81. बेस व्यास म्हणजे 75 × cos 20°, म्हणजे 70.477. बॅकलॅशसाठी ड्रॉइंगवर पिच वर्तुळावरची दात्याची जाडी नॉमिनलपेक्षा 0.08 ते 0.12 ने कमी मागितली आहे. नॉमिनल जाडी π × 3 / 2, म्हणजे 4.712. थोडक्यात, आपल्याला जाडी 4.632 ते 4.592 च्या मध्ये आहे का, एवढंच बघायचं आहे.

ही जाडी गिअर टूथ व्हर्नियरनेही मोजता येते, पण त्याची खोलीची पट्टी दात्याच्या माथ्यावर टेकते. टिप व्यास कमी-जास्त असला की खोली चुकते आणि जाडीही चुकते. पिनला टिप व्यासाशी काही देणंघेणं नाही. ती दोन दात्यांच्या मधल्या खाचेत, दोन्ही फ्लँकना टेकून बसते. दाते बारीक असतील तर खाच रुंद होते, पिन खोल जाते आणि समोरासमोरच्या दोन पिनांवरून घेतलेलं माप M कमी येतं.

आता पिन. ती फ्लँकवर पिच वर्तुळाच्या आसपास टेकावी, कारण तिथे इन्व्होल्यूट खात्रीचा असतो. माथ्याजवळ टिप रिलीफ दिलेला असू शकतो, बुडाशी फिलेट किंवा अंडरकट असतो, आणि सूत्र तर शुद्ध इन्व्होल्यूट गृहीत धरतं. नेमकी पिच वर्तुळावर टेकणारी पिन अशी काढतात, यात z म्हणजे दात्यांची संख्या, α प्रेशर अँगल, db बेस व्यास आणि dp पिनचा व्यास (inv x म्हणजे tan x − x, कोन रेडियनमध्ये):

```
η  = π/(2z) − inv α
φ  = tan α + η
dp = db × (inv φ + η)
```

आपल्या गिअरसाठी η येतो 0.04793, φ येतो 0.4119 रेडियन म्हणजे 23.6 अंश, आणि dp येतो 5.139 मिमी. म्हणजे मॉड्यूलच्या 1.713 पट. 1.728 चा नियम याच्याच आजूबाजूचा आहे, त्याने 5.184 आलं असतं. दोन्ही मापं बाजारात सहज मिळणारी नाहीत. हाताशी असते ती 5 मिमीची पिन. चालेल का?

दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, पिन कुठे टेकते. 5 मिमीची पिन 74.75 मिमी व्यासावर टेकते, म्हणजे पिच वर्तुळाच्या जेमतेम 0.13 मिमी खाली. हा फरक विसरून जा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: पिन दात्यांच्या माथ्यांच्या वर डोकावते का. इथे छोट्या बाजूला फारशी जागा नसते. याच गिअरमध्ये 4.8 ची पिन घातली तर तिच्या बाहेरच्या कडेचा व्यास 80.84 येतो, म्हणजे पिन 81 च्या आत बुडते आणि मायक्रोमीटरचा अँव्हिल पिनऐवजी दात्याच्या माथ्यावर टेकतो. गंमत अशी की रीडिंग तरीही येतं, आणि प्रत्येक खाचेत जवळजवळ सारखंच येतं. M टिप व्यासाच्या अगदी जवळ, हट्टाने स्थिर येत असेल, तर आधी पिन बुडाली आहे का ते बघा. मोठ्या बाजूला मात्र ऐसपैस जागा आहे. 6 मिमीची पिनसुद्धा या गिअरमध्ये 76.4 व्यासावर, म्हणजे फ्लँकवरच टेकते. म्हणून शंका असेल तेव्हा थोडी मोठी पिन घ्यावी, हे माझं मत. करेक्शन असलेल्या गिअरमध्ये, विशेषतः प्लस करेक्शन मोठं असेल तर, मोठीच पिन लागते. तिथे 1.728 धरून बसू नका.

5 मिमीच्या पिनने M काढू. सूत्र दोन पायऱ्यांचं आहे, त्यात s म्हणजे पिच वर्तुळावरची दात्याची जाडी आणि d म्हणजे पिच व्यास:

```
inv φ = s/d + inv α + dp/db − π/z
सम दाते:   M = db/cos φ + dp
विषम दाते: M = (db/cos φ) × cos(90°/z) + dp
```

inv φ वरून φ सरळ काढता येत नाही. पूर्वी तक्ते वापरायचे, आता दोन-चार वेळा सुधारत जाणारं गणित पुरतं. स्प्रेडशीटमध्ये करा किंवा असं:

```python
from math import pi, cos, tan, radians
m, z, dp = 3, 25, 5.0
s = pi*m/2 - 0.08
a = radians(20)
d = m*z
db = d*cos(a)
t = s/d + tan(a) - a + dp/db - pi/z
f = 0.4
for _ in range(10):
    f += (t - tan(f) + f) / tan(f)**2
k = cos(pi/(2*z)) if z % 2 else 1
print(db*k/cos(f) + dp)
```

नॉमिनल जाडीला M येतो 81.407. जाडी 0.08 ने कमी असेल तर 81.213, आणि 0.12 ने कमी असेल तर 81.115. म्हणजे तपासणीच्या कागदावर मर्यादा लिहायच्या 81.213 आणि 81.115. जाडीतला 0.04 चा पट्टा M मध्ये जवळपास 0.098 चा झाला. या गिअरसाठी दात्याच्या जाडीतला फरक M मध्ये सुमारे 2.4 पट दिसतो. साध्या मायक्रोमीटरने बारीक जाडी पकडता येते ती त्यामुळेच.

25 हा विषम आकडा मुद्दाम घेतला. विषम दात्यांत एका खाचेच्या बरोबर समोर दाता येतो, त्यामुळे दुसरी पिन अर्ध्या पिचने बाजूला बसते आणि माप केंद्रातून जात नाही. cos(90°/z) विसरलात तर नॉमिनल M 81.407 ऐवजी 81.558 येईल. फरक 0.151, म्हणजे जाडीच्या भाषेत सहा शतांश मिलिमीटरहून जास्त. मग चांगले गिअर "दाते बारीक" म्हणून बाजूला काढले जातात. सगळा लॉट एकसारख्या फरकाने कमी दिसत असेल तर मशीनकडे बोट दाखवण्याआधी हा गुणक तपासा.

आता छापलेल्या मापावरच्या विश्वासाचं बघू. पिनचा व्यास वाढला की M फक्त तेवढाच वाढत नाही. जाड पिन खाचेत वरही सरकते, त्यामुळे वाढ होते 1 + cos(90°/z)/sin φ पट, जी आपल्या गिअरमध्ये 3.55 आहे. हाताशी असलेली 5 ची पिन बहुधा डॉवेल पिन असते आणि ती m6 टॉलरन्सची असते, म्हणजे नॉमिनलपेक्षा 4 ते 12 मायक्रॉन मोठी. समजा ती 5.008 आहे. M मध्ये 0.028 ची वाढ होईल, आणि तुमच्या 0.098 च्या पट्ट्याचा पावापेक्षा जास्त हिस्सा पिननेच खाल्लेला असेल. दाते आहेत त्यापेक्षा 0.012 ने जाड दिसतील. यावर उपाय सोपा आहे: दोन्ही पिना मायक्रोमीटरने किंवा कम्पॅरेटरवर मोजा, दोन-तीन जागी आणि फिरवून, आणि जो खरा व्यास येईल तोच वरच्या प्रोग्राममध्ये घाला. 5.008 घातलं की मर्यादाही आपोआप वर सरकतात आणि चूक उरतच नाही. दोन पिना एकमेकींशी जुळणाऱ्या हव्यात. गेज पिना किंवा बेअरिंगचे नीडल रोलर या कामाला डॉवेलपेक्षा बरे, पण तेही मोजूनच.

मोजताना पिना थोड्या ग्रीसने किंवा रबर बँडने धरून ठेवा. खाच साफ असू द्या, हॉबिंगची बर फ्लँकच्या कडेला राहिली की पिन वर उचलली जाते. पिनांच्या अक्षाला काटकोनात, मायक्रोमीटर हलकेच डोलवत सर्वांत मोठं रीडिंग शोधा. विषम दात्यांत हे डोलवणं टाळू नका, कारण तिथे जरा तिरकं धरलं की माप लगेच कमी येतं. फेस रुंद असेल तर दोन्ही टोकांना वेगवेगळं मोजा. एका टोकाला 81.20 आणि दुसऱ्याला 81.14 आलं, तर दोन्ही मर्यादेत असूनही दाता निमुळता आहे, आणि तो प्रश्न लीडचा आहे.

समजा मोजून 81.17 आलं. उलटं गणित सोपं आहे, यात सुधारत जाण्याचीही गरज नाही. cos φ = db × cos(90°/z) / (M − dp) वरून φ काढा, मग s = d × (inv φ − inv α − dp/db + π/z). जाडी येते 4.615, म्हणजे नॉमिनलपेक्षा 0.098 कमी. पट्ट्याच्या मधोमध.

मशीनवरच्या माणसाला हा s नको असतो, त्याला "अजून किती आत घेऊ?" हवं असतं. हॉब त्रिज्येच्या दिशेने एक मिलिमीटर आत गेला की जाडी 2 × tan 20°, म्हणजे 0.728 ने कमी होते. त्याला 2.4 ने गुणलं की M सुमारे 1.75 ने उतरतो. पहिल्या कटनंतर 81.52 आलं आणि मधला आकडा 81.164 गाठायचा असेल, तर उरले 0.356, भागिले 1.75, म्हणजे 0.20 मिमी. मी आधी 0.18 घ्यायला सांगतो आणि पुन्हा मोजतो, कारण जास्त गेलेला कट परत येत नाही.

या मापाला रनआउट जवळजवळ दिसत नाही. गिअर केंद्रापासून सरकून कापला गेला असेल तर एका बाजूची पिन जेवढी बाहेर जाते तेवढीच समोरची आत येते, आणि M जवळपास तसाच राहतो. त्यामुळे चारपाच जागी M सारखा आला म्हणून रनआउटच्या रकान्यात बरोबरची खूण करू नका. त्यासाठी गिअर मँड्रेलवर घ्या, एकच पिन किंवा बॉल प्रत्येक खाचेत ठेवत डायलने एकेक रीडिंग टिपा.