बुक प्रपोजलचा ओव्हरव्ह्यू: वाचक, गरज आणि तुलनेची पुस्तके लिहिताना या चुका टाळा

नॉनफिक्शन पुस्तकासाठी प्रकाशकाकडे पाठवायच्या प्रपोजलमध्ये ओव्हरव्ह्यू, म्हणजे पुस्तकाची थोडक्यात ओळख करून देणारा भाग, साधारण दोन-तीन पानांचा असतो. विषयाची माहिती चांगली असूनही तो फसतो, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते: लेखकाने वाचक नेमका ठरवलेला नसतो. मग पुस्तकाची गरज मोघम होते आणि तुलनेची, म्हणजे बाजारात आधीच असलेली मिळतीजुळती पुस्तकेही भलतीच निवडली जातात. म्हणून दुरुस्ती करताना आधी वाचक, मग गरज आणि शेवटी तुलनेची पुस्तके हाच क्रम ठेवा.

समजा, पुस्तक फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या झोपेवर आहे. पहिल्या खर्ड्यात असे लिहिलेले असते:

“आज प्रत्येकालाच झोपेची समस्या आहे. जगात 2 कोटी 79 लाख नर्सेस आहेत. त्यातल्या एक टक्का जणींनी जरी हे पुस्तक घेतले, तरी विक्री मोठी होईल. या विषयावर असे पुस्तक आजवर आलेले नाही.”

मोठा आकडा म्हणजे वाचक नव्हे

नर्सेसचा हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालातला आहे आणि तेव्हा तो खराही होता. पण त्यातल्या सगळ्या जणी रात्रपाळी करत नाहीत, सगळ्या एका भाषेत वाचत नाहीत आणि बऱ्याच जणी या विषयावर पुस्तक विकत घेणार नाहीत. ‘एक टक्का’ हा तर निव्वळ अंदाज. तो दिसला की हिशेब उलट्या टोकाकडून मांडलाय, हे संपादकाच्या लगेच लक्षात येते.

वाचकाबद्दल तीन गोष्टी लिहा: तो कोण, पुस्तक कोणत्या क्षणी शोधेल आणि त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचता येईल. उदाहरणार्थ: “दिवस आणि रात्र अशा फिरत्या पाळ्या करणाऱ्या, नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या नर्सेस. सलग रात्रपाळ्यांनंतर सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही, तेव्हा त्या उपाय शोधू लागतात. नर्सिंग संघटनांची नियतकालिके आणि रुग्णालयांतील प्रशिक्षणवर्ग यांतून त्यांच्यापर्यंत पोचता येते.” कारखान्यातले आणि विमानतळावरचे कर्मचारी हा दुय्यम वाचक. त्याला एक वाक्य पुरे.

आकडा द्यायचाच असेल तर पोचता येणाऱ्या गटाचा द्या: संघटनेची सदस्यसंख्या, नियतकालिकाचा खप, तुमच्या वर्गांना येणारे लोक. लहान पण तपासता येणारा आकडा जास्त काम करतो.

समस्या सांगितली, गरज राहून गेली

ही चूक सर्वांत जास्त आढळते, आणि ती पकडणे अवघड, कारण मजकूर वजनदार दिसतो. रात्रपाळीमुळे कर्करोगाचा संभाव्य धोका असल्याचे वर्गीकरण कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2007 मध्ये केले आणि 2019 मध्ये ते कायम ठेवले. या माहितीतून समस्येचे गांभीर्य कळते. पण पुस्तक का हवे, हे त्यातून कळत नाही. लेख, माहितीपत्रक किंवा डॉक्टरांचा सल्ला का पुरत नाही, याचे उत्तर मिळायला हवे.

गरज सापडते ती आज मिळणारा सल्ला वाचकाला जिथे लागू पडत नाही, तिथे. झोपेबद्दलचा नेहमीचा सल्ला म्हणजे रोज ठरलेल्या वेळी झोपा आणि उठा. पाळी बदलणाऱ्या माणसाला नेमके हेच जमत नाही. मग वाक्य असे होते: “नेहमीचा सल्ला ठरलेल्या वेळापत्रकावर उभा आहे. हे पुस्तक वेळापत्रक बदलते हे धरून चालते आणि पाळीच्या प्रकारानुसार झोप, उजेड व कॅफिनच्या वेळा आखून देते.” अशी आखणी वेगवेगळ्या पाळ्यांसाठी टप्प्याटप्प्याने द्यावी लागते, म्हणून ती एका लेखात मावत नाही.

तपासायला सोपी युक्ती: परिच्छेदातले तुमच्या पुस्तकाचे नाव काढून त्याच विषयावरच्या दुसऱ्या पुस्तकाचे टाका. परिच्छेद तरीही खरा वाटला, तर तो पुन्हा लिहा.

‘असे पुस्तक आलेले नाही’

हे वाक्य सरळ काढून टाका. ते वाचून लेखकाने शोध घेतला नाही किंवा या विषयाला गिऱ्हाईक नाही, असे दोनच अर्थ निघतात. लाखोंनी खपलेल्या पुस्तकाशी तुलना करणेही तितकेच निरुपयोगी, कारण तसा खप अपवादाने होतो आणि त्यावरून तुमच्या पुस्तकाचा अंदाज बांधता येत नाही.

ओव्हरव्ह्यूमध्ये दोन-तीन पुस्तके पुरतात. सविस्तर यादी प्रपोजलच्या वेगळ्या भागात जाते. शक्यतो गेल्या पाच वर्षांतली, त्याच वाचकवर्गाची आणि प्रकाशनसंस्थेने काढलेली पुस्तके निवडा. प्रत्येकाबद्दल आधी ते काय नीट करते ते लिहा आणि मग ते कुठे थांबते ते. “हे पुस्तक वरवरचे आहे” असा शेरा मारू नका. ते पुस्तक कदाचित त्याच संपादकाने काढलेले असते. “झोपेचे विज्ञान सोपे करून सांगते, पण पाळीनुसार वेळापत्रक देत नाही” एवढे पुरे.

नेमक्या विषयावरचे अलीकडचे पुस्तक सापडलेच नाही, तर शेजारच्या कप्प्यात शोधा: झोपेवरचे एक सर्वसाधारण पुस्तक आणि नर्सेससाठी लिहिलेले, पण कामाच्या ताणावरचे एक. पहिल्यावरून विषय खपतो हे दिसते आणि दुसऱ्यावरून हा वाचक पुस्तके विकत घेतो हे. दोन्ही एकाच वाक्यात जोडली, की तुमचे पुस्तक कोणत्या जागी बसते ते कळते.