घरगुती बेकरीचं नाव उबदार कसं लिहावं

समजा परभणीत तुम्ही घरीच नानकटाई आणि ज्वारीची बिस्किटं करता आणि नाव ठरलंय ‘गोडवा’. लोगोसाठी एवढी तीन अक्षरं पुरेत. कपकेक नको, शेफची टोपी नको, मात्रेतून निघणारी वाफ तर नकोच.

गूगल फॉन्ट्सवरून Baloo 2 उतरवून घ्या. फुकट आहे, धंद्याला वापरायची मुभा आहे आणि कोपरे मुळातच गोलसर आहेत. Inkscape या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव जाड वजनात टाइप करून Path > Object to Path करा, मग ग्रुप सोडवा.

खरी गोची इथून पुढे. ‘गोडवा’ नीट न्याहाळा. ‘ग’चा दंड आणि त्याला लागून काना, ‘व’चा दंड आणि त्यालाही लागून काना. उभ्या रेघांच्या दोन जोड्या! लोक ऊब आणायला अक्षर आणखी जाड करतात आणि नाव कुंपणासारखं दिसायला लागतं. ऊब जाडीत नसते, अक्षराच्या पोटात असते. म्हणून दंड आहे तेवढाच राहू द्या आणि ‘ड’ व ‘व’ यांची पोटं थोडी फुगवा. ‘व’च्या पोटातली पांढरी जागा दंडाच्या जाडीपेक्षा कमी झाली, तर स्टिकरवर शाई भरून तिथे नुसता ठिपका उरतो. दंड आणि काना यांच्यातल्या फटीलाही हाच नियम. पोट दंडाला मिळतं तिथली रेघ जराशी बारीक करा, नाहीतर त्या सांध्यात काळा गठ्ठा जमतो.

शिरोरेघ वाकवू नका, तिच्यावरून चॉकलेटही ओघळवू नका. वाचणारा तिच्याच आधाराने शब्द पकडतो. टोकं गोल करा आणि जाडी दंडापेक्षा किंचित कमी ठेवा, कारण सारख्याच जाडीची आडवी रेघ डोळ्याला जाड वाटते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपला शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं. अक्षरं सरकवली की मध्ये फट पडते. ती बुजवून सगळं निवडा आणि Path > Union करा. हे राहिलं तर बाह्यरेषा दिल्याबरोबर सांधे उघडे पडतात.

आता दोन सेंटिमीटर रुंदीत साध्या प्रिंटरवर छापा आणि हातभर अंतरावर धरा. ‘वा’चे दोन दंड एक झालेले दिसले तर फट वाढवा. पडद्यावर मोठं करून पाहण्यात अर्थ नाही.

रंग एकच, गडद तपकिरी. खाकी खोक्यावर फिका नारिंगी दिसतच नाही.

फ्लेक्सवाल्याला टाइप केलेली फाइल कधीच देऊ नका. त्याच्याकडे तो फॉन्ट नसला तर मात्रा भलतीकडे जाऊन बसते आणि तो ‘आमच्याकडं असंच येतंय बघा’ म्हणून मोकळा होतो. Union केलेलीच पीडीएफ द्या, आणि शंभर स्टिकर छापायच्या आधी एक हातात मागा.